पळसाच्या पानाचं क्षेत्रफळ

सातवीचं गणित माझ्याकडून गेलं, तेव्हा मी अठरा वर्षं ते शिकवत होतो. मी मूळचा कला शाखेचा. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हता, म्हणून मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्षी तो विषय माझ्या गळ्यात घातला. मी रात्रंदिवस पुस्तकं वाचून तो शिकलो. पुढे पुढे आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांत ‘गणिताचे गुरुजी’ म्हटलं की माझंच नाव निघायचं. शिक्षण परिषदेला सगळ्या शाळांचे शिक्षक जमले आणि नमुना पाठ घ्यायची वेळ आली, की केंद्रप्रमुख विचारायचेसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघून मान हलवायचे.

मग जूनमध्ये आमच्या शाळेला गणित-विज्ञानाच्या पदवीधर शिक्षिका मिळाल्या. वय असेल एकोणतीस-तीस. मुरबाड तालुक्यातल्या एका डोंगरपाड्यावरच्या. घरी भात आणि नाचणी. आपल्या पाड्यावरची शिक्षक झालेली ही पहिली मुलगी. रोज स्कूटीवरून यायच्या, शाळेच्या पायरीशी हेल्मेट काढून ओढणी नीट करायच्या आणि मुलांना हाक द्यायच्या, “काय रे, आज कोण कोण आलाय?”

मी त्याच भागातला, किन्हवलीच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरात आम्हीही ‘नाय’ आणि ‘आमी’च म्हणायचो. पण शाळेत मी कधी तसं बोललो नव्हतो. मुलं ‘नाय’ म्हणाली की मी थांबवून ‘नाही’ म्हणायला लावायचो. मला वाटायचं, हेच शिकवणं. बाई मात्र मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलायच्या आणि फळ्यावर लिहिताना शुद्ध लिहायच्या. मुलांना त्यात काही अडचण वाटत नव्हती. अडचण मला वाटत होती.

मला मराठी आणि सामाजिक शास्त्र दिलं. नियमच तसा होता, कोणाचा दोष नव्हता. पहिले काही दिवस मी सर्वांना हेच सांगत फिरलो, की बरं झालं, ओझं उतरलं. पण माझा सहावीचा वर्ग सातवीला लागून होता आणि मधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. मी इकडे नद्यांची नावं लिहून द्यायचो आणि तिकडे हशा पिकायचा. मग एकदम शांतता, मग कोणीतरी, “बाई, मी सांगू?” अठरा वर्षांत माझ्या गणिताच्या तासाला असं ‘मी सांगू’ किती वेळा ऐकलं होतं, ते मी आठवू लागलो. फारसं आठवलं नाही.

माणूस मत्सर करतो तेव्हा फार बारकाईने बघतो. बाईंचा खडू कुठे संपतो, त्यांच्या फळ्यावरची ओळ तिरकी जाते का, त्यांनी वजाबाकीत हातचा विसरला का, हे सगळं मी जाता-येता खिडकीतून बघायचो. एकदा त्यांनी सातचा वर्ग सत्तेचाळीस लिहिला होता. मुलांनीच तो दुरुस्त केला आणि बाई हसल्या. मला ते घरी जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मग? तुमी कधी चुकलाच नाय का?” मी विषय बदलला.

सातवीत एक मुलगी होती. पाचवीपासून ती माझं हजेरीपुस्तक ऑफिसातून वर्गात आणून द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं, तिची ती हौस होती. ऑगस्टमध्ये कधीतरी माझ्या लक्षात आलं, की ती आता बाईंची स्कूटी दिसली की पळत जाते आणि त्यांची पिशवी घेते. मुलगी बारा वर्षांची, मी बावन्न वर्षांचा. मला तिचा राग आला. लिहिताना लाज वाटते, पण आला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरणार होती. केंद्रप्रमुख आदल्या आठवड्यात आले. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. ते म्हणाले, “या वेळी पाठ बाई घेतील. अनियमित आकृतीचं क्षेत्रफळ. पानाचा पाठ.”

पानाचा पाठ म्हणजे माझा पाठ. आलेख कागदावर पान ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौरस मोजायचे. पूर्ण चौरस तो एक. अर्ध्याहून जास्त भरलेला, तोही एक. बरोबर अर्धा, तो अर्धा. अर्ध्याहून कमी, तो सोडून द्यायचा. हा नियम मी अठरा वर्षं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, चौकट करून लिहीत आलो होतो.

केंद्रप्रमुख गेल्यावर बाई माझ्याकडे आल्या. “गुरुजी, तुम्ही हा पाठ खूप वेळा घेतलाय. मुलांना कुठे अडतं?”

“कुठे अडायचंय त्यात? मोजायचं तर असतं.”

“बरं. आणि आलेख कागद आहेत का आपल्याकडे? मी पाच गट करणार आहे. प्रत्येक गटाला निदान एक-दोन पानं हवीत.”

आलेख कागद माझ्या कपाटात होते. खालच्या खणात, जुन्या नकाशांच्या मागे, जवळजवळ कोरी वही होती. वरच्या खणात एक सुटं पान होतं. मी वरचं पान काढून त्यांना दिलं.

“एवढंच राहिलंय,” मी म्हणालो. “किन्हवलीला झेरॉक्स काढून घ्या.”

हे मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. तोंडातून गेलं आणि मग परत घेतलं नाही. झेरॉक्स काढावी लागली तर बाईंना एक फेरी जास्त पडेल, एवढाच हिशोब त्या क्षणी होता.

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी सगळं साहित्य टेबलावर मांडून ठेवलं आणि त्या मुलांना घेऊन मैदान झाडायला गेल्या. शाळेमागच्या बांधावरच्या पळसाचं एक लहानसं पान त्यांनी आणलं होतं. तिघांतलं बाजूचं, एका अंगाने फुगलेलं. ते जाड पुठ्ठ्यावर ठेवून त्यांनी एकसारखे पाच आकार कापले होते, म्हणजे पाचही गटांना तेच पान मिळेल. कापलं इतकं सफाईने होतं, की मी पाचही आकार एकमेकांवर ठेवून पाहिले. कड कुठेही बाहेर येत नव्हती.

मग मी झेरॉक्स उचलल्या. मूळ आलेख कागद आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्यावर मला काहीतरी खटकलं. झेरॉक्सवर चारी बाजूंना पांढरा काठ जरा जास्त होता. दुकानदाराने अख्खा आलेख कागदात मावावा म्हणून आकार किंचित लहान केला होता. मी पट्टी ठेवली. मूळ कागदावरची दहा घरं बरोबर दहा सेंटीमीटर भरली. झेरॉक्सवरची दहा घरं भरली नऊ सेंटीमीटर तीन मिलिमीटर.

पट्टी हातात धरून मी तिथे उभा राहिलो. घर लहान झालं म्हणजे तेच पान जास्त घरं व्यापणार. मुलं घरं मोजणार आणि चौरस सेंटीमीटर म्हणून लिहिणार. चाळीस शिक्षकांसमोर उत्तर चुकणार. बाई अजून मैदानावर होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. खालच्या खणातली वही काढून टेबलावर ठेवली असती तर तेवढ्याने भागलं असतं. मी कागद होते तसे लावले, पट्टी खिशात घातली आणि पाच वाजताच्या शहापूरच्या बसने घरी गेलो. रस्ताभर मी मनात बोलत होतो: ‘माफ करा, मध्ये बोलतो, पण एकदा पट्टी लावून बघूया का?’ उद्या कोणत्या सुरात हे म्हणायचं, ते मी ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सातवीचा वर्ग भरून गेला. मुलं पुढे पाच गटांत, मागे बाकांवर आणि खुर्च्यांवर आम्ही शिक्षक. केंद्रप्रमुख दाराजवळ. मी मधोमध बसलो.

बाईंनी नियम फळ्यावर लिहिला नाही. आधी विचारलं, “तुमच्या भाताच्या खाचराला चार सरळ बाजू आहेत का?”

“नाय.”

“मग ते केवढं हाये, हे कसं सांगशील?”

मुलं बोलू लागली. काठीने मोजायचं, पावलांनी मोजायचं, तुकडे करायचे. ‘तुकडे’ म्हटल्याबरोबर बाईंनी आलेख कागद हातात घेतला. मग पान कागदावर ठेवून कडेचे चौरस दाखवले आणि यांचं काय करायचं, असं मुलांनाच विचारलं. भांडत भांडत मुलांनीच नियम काढला. बाईंनी तो शेवटी नीट मांडला.

एक मुलगा उठला. “बाई, थोडासाच कापलेला चौकोन पूर्ण धरायचा, म्हंजे खोटंच झालं ना?”

“खोटं नाय, पण नेमकंही नाय,” बाई म्हणाल्या. “इथं थोडं जास्त धरतो, तिथं थोडं सोडतो. जास्तीचं आणि सोडलेलं एकमेकांत जिरतं. म्हणून उत्तराच्या आधी काय लिहायचं?”

“सुमारे,” दोघं-तिघं म्हणाले.

शेजारच्या शाळेतले एक शिक्षक माझ्या कानाशी म्हणाले, “छान घेतायत.” त्या मुलाने विचारला तो प्रश्न अठरा वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. विचारावा असं मी शिकवलंच नव्हतं. मी खिशातली पट्टी चाचपली.

गटांनी पेन्सिल फिरवली. पूर्ण घरांवर बरोबरची खूण, अर्ध्याहून जास्त असलेल्यांवर टिंब, अर्ध्यांवर तिरकी रेघ. मग एकेक गट उत्तर सांगू लागला. पहिला गट: पूर्ण बावन्न, अर्ध्याहून जास्त वीस, अर्धे चार. बाईंनी फळ्यावर बेरीज मांडली, बावन्न अधिक वीस अधिक दोन, चौऱ्याहत्तर. दुसरा गट साडेत्र्याहत्तर. तिसरा पंच्याहत्तर. चौथा चौऱ्याहत्तर.

“बघा, पान सगळ्यांचं एकच, तरी थोडा फरक,” बाई म्हणाल्या. “कोणी पान सरळ ठेवलं, कोणी तिरकं. एवढं चालतं.”

पाचव्या गटाकडे मूळ आलेख कागद होता. त्या गटात ती हजेरीपुस्तकवाली मुलगी होती. ती उठून म्हणाली, “पूर्ण चव्वेचाळीस, जास्तवाले अठरा, अर्धे चार. चौसष्ट.”

मागे कुजबुज झाली. बाई तिच्याजवळ गेल्या. “पुन्हा मोज बघू.”

तिने मोजलं. चौसष्ट. गटातल्या दुसऱ्या मुलीने मोजलं. चौसष्ट. केंद्रप्रमुख दारातून म्हणाले, “दहाचा फरक कसा काय पडेल? काहीतरी सोडलंय मुलींनी.” मागे कोणीतरी हसलं. मुलगी तिसऱ्यांदा मोजू लागली. बोट प्रत्येक घरावर ठेवत, ओठ हलवत. अर्ध्यावर गेल्यावर कागदावर थेंब पडला. तिने तो बाहीने पुसला, तशी पेन्सिलची रेघ फिसकटली.

हीच माझी वेळ होती. मला फक्त उठायचं होतं. पण त्या मुलीच्या बाहीकडे बघून मला उठता येईना. उठलो असतो तर तिच्यासाठी उठलो, असं लोकांना वाटलं असतं, आणि मला माहीत होतं की ते खरं नव्हतं. मी बसून राहिलो. तेही काही चांगुलपणाने नाही.

बाई फळ्याजवळ गेल्या. सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “असं का झालं, मला कळत नाहीये. शोधूया.”

चाळीस शिक्षकांसमोर हे वाक्य मी आयुष्यात म्हटलं नसतं.

“काय करून बघायचं?” त्यांनी मुलांना विचारलं.

पहिल्या गटातला एक मुलगा म्हणाला, “बाई, त्यांचा कागद आमाला द्या. आमी मोजतो.” बाईंनी मूळ आलेख कागद त्यांच्याकडे दिला. कागदाचा उरलेला अर्धा भाग रिकामा होता. मुलांनी तिथे आपला पुठ्ठा ठेवला, रेघ काढली, मोजलं.

“साडेचौसष्ट,” मुलगा म्हणाला. मग त्या मुलीकडे बघून, “तिची मोजणी बरोबर हाये.”

“म्हणजे चूक कोणात नाय?” बाईंनी विचारलं.

“मोजणाऱ्यात नाय.”

“पुठ्ठ्यात?”

“नाय. तो आमचाच.”

“मग राहिलं काय?”

“कागद.”

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात नेले. रेघा जुळत नव्हत्या. त्यांनी पट्टी मागितली. माझ्या खिशात पट्टी होती. माझा हात हलला नाही. एका मुलाने दिली. त्या मुलीनेच मोजलं आणि मोठ्याने वाचलं, “नऊ सेंटीमीटर तीन मिलिमीटर. दहा घरांना.”

“म्हणजे एक घर?”

“शून्य पूर्णांक त्र्याण्णव सेंटीमीटर.”

“आणि त्याचं क्षेत्रफळ?”

त्र्याण्णवला त्र्याण्णवने गुणायला मुलांना वेळ लागला. शून्य पूर्णांक आठ सहा चार नऊ. बाईंनी मग चौऱ्याहत्तरला त्याने गुणायला सांगितलं. उत्तर आलं चौसष्टच्या किंचित वर. आधी त्या मुलीने मान वर केली, मग सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘चौरस मोजण्याआधी चौरस मोजा.’

शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. केंद्रप्रमुख म्हणाले, “पाठ असा मुद्दाम बसवला होता का?”

“नाही सर. मला माहीतच नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मूळ कागद एकच होता, म्हणून झेरॉक्स काढली.”

मीही टाळ्या वाजवल्या. बाईंचा पाय घसरावा म्हणून मी ज्या जागी गप्प बसलो, तिथे त्या आणखी उंच उभ्या राहिल्या होत्या. पश्चात्ताप नंतर आला. त्या घडीला मला फक्त जळजळ होत होती, की हे माझ्या अठरा वर्षांत एकदाही का घडलं नाही.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी ऑफिसात आलो. बाई माझ्या कपाटासमोर बसून खालच्या खणात पुठ्ठे ठेवायला जागा करत होत्या. नकाशे बाहेर काढलेले होते. आलेख कागदांची वही त्यांच्या मांडीवर होती.

मी खुर्चीवर बसलो.

“मला ठाऊक होतं ती आहे,” मी म्हणालो.

“विसरला असाल.”

“नाही.” आणि मग जे कोणी विचारलंही नव्हतं ते मी सांगितलं. “काल दुपारी झेरॉक्सला पट्टी लावली होती मी. नऊ-तीन भरत होती.”

बाई वहीची पानं अंगठ्याने उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं जाऊ द्या गुरुजी. माझी फजिती झाली असती, तर मी घरी जाऊन रडले असते. पण ती पोर तुमच्यासमोर रडली.”

“हो.”

“तिला सांगा.”

“काय सांगू?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” म्हणून त्या उठल्या. वही टेबलावर ठेवून जेवायला गेल्या.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला सातवीत गेलो, हजेरी घेतली आणि त्या मुलीला उभं केलं. तिला वाटलं कविता म्हणायची आहे. मी म्हणालो, “परवा तुझी मोजणी बरोबर होती, हे मला आधीपासून माहीत होतं. कागद लहान झालाय, हे मी आदल्या दिवशीच पट्टीने मोजलं होतं. आणि चांगले कागद माझ्या कपाटात होते. मी दिले नाहीत.”

मुलगी म्हणाली, “मंग सांगितलं का नाय?”

मी तिला ‘मंग’ आणि ‘नाय’ दुरुस्त करायला लावलं नाही. म्हणालो, “बाईंचा पाठ चांगला होऊ नये, असं मला वाटत होतं.”

“पण झाला,” ती म्हणाली आणि बसली.

त्यानंतर महिनाभर बाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी तक्रार करण्याच्या जागी नव्हतो. जानेवारीत मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे असायचे. अशाच एका दुपारी त्यांनी सहावी आणि सातवी एकत्र बसवून घेतल्या आणि मलाही बोलावलं. आलेख कागदाची खरी पानं मुलांना वाटून त्या म्हणाल्या, “गुरुजी, भाताच्या खाचराचा नकाशा यांना तुम्ही शिकवा. तुम्हाला गावचं मोजमाप माहीत आहे.” मी शिकवलं. एक घर म्हणजे जमिनीवर किती पावलं, हे ठरवायला मुलांना घेऊन शाळेमागच्या खाचरात गेलो. भात कापून झालं होतं, बुडखे पायाला टोचत होते. बांध वाकडातिकडा होता आणि तो कागदावर उतरवताना मुलं खूप भांडली. बाई बांधावर उभ्या राहून ऐकत होत्या.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. अजून भिंतीपलीकडून ‘बाई, मी सांगू?’ आलं, की माझा खडू क्षणभर फळ्यावर थांबतो. मग मी माझ्या वर्गाकडे वळतो आणि विचारतो, कोण सांगेल. आधी कोणी बोलत नाही. मी थांबतो. हल्ली एखादा हात वर येतो.